ऑनलाइन दुकानाची विक्री मंदावली आहे: जुन्या लेखांपैकी कोणते ठेवावेत, कोणते दुरुस्त करावेत, कोणते काढावेत?

वाळवणताई

नमस्कार मंडळी. जळगावात आमच्या महिला गटाचे वाळवण, काळा मसाला आणि कळण्याच्या पिठाचे ऑनलाइन दुकान २०१५ पासून सुरू आहे. दुकान वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवून केलेले आहे आणि त्याच्याच लेख विभागात आम्ही वेळोवेळी लिहीत आलो. त्यात पाककृती आहेत, सणांच्या सवलती आहेत, कुरिअरच्या सूचना आहेत आणि गटातल्या बायकांनी हौसेने लिहिलेले काही अनुभवही आहेत. आज असे १२६ लेख साठले आहेत.

गेल्या वर्षभरात मागणी बरीच थंडावली आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका सल्लागारांनी गूगलच्या सर्च कन्सोलमधील गेल्या तीन महिन्यांची यादी काढली आणि ज्या लेखांवर एकही क्लिक नाही ते सगळे काढून टाका, असे सांगितले. त्या हिशेबाने जवळजवळ सत्तर लेख जातात. एवढे लेख एका फटक्यात काढण्याचा धीर होत नाही, आणि कोणते काढावेत हे ठरवण्याची दुसरी रीतही माहीत नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया मार्ग सांगावा.

धुळ्याचा_नाना

ताई, सल्लागारांचे म्हणणे मला पटते. निकामी पानांचा ढीग असलेल्या संकेतस्थळाकडे गूगल एकूणच संशयाने पाहते आणि त्याचा फटका चांगल्या पानांनाही बसतो. २०२२ मध्ये त्यांनी वाचकांच्या उपयोगाचा मजकूर ओळखणारी यंत्रणा आणली आणि मार्च २०२४ मध्ये ती मुख्य क्रमवारीतच मिसळली. त्यामुळे पाच वर्षांपेक्षा जुने असलेले सगळे लेख मी सरळ उडवीन. काढायला जीव होत नसेल, तर robots.txt मध्ये गूगलच्या बॉटसाठी त्यांची वाट बंद करावी आणि वर पान शोधात दाखवू नका असे सांगणारी noindex ही सूचनाही लावावी, म्हणजे दुहेरी कुलूप झाले.

चोपडेकर

माझाही अनुभव असाच आहे. आमचे दुकान उघडायला फार वेळ लागत असे. संकेतस्थळावर जितका पसारा जास्त तितके ते सुस्त होते, म्हणून जुने लेख काढल्यावर तुमचेही दुकान चटकन उघडू लागेल असे वाटते.

वाळवणताई

चोपडेकर भाऊ, पाने उघडण्याची अडचण नाही, मोबाइलवरही ती लवकर उघडतात. ऑर्डर कमी झाल्या आहेत, एवढेच मला म्हणायचे होते.

गिरणाकाठ

चोपडेकरांच्या मुद्द्याला आधी थोडक्यात उत्तर देतो. शंभर-सव्वाशे लेख डेटाबेसला जड नसतात आणि ग्राहकाने मसाल्याचे पान उघडले की बाकीचे लेख त्याच्या मोबाइलवर उतरत नाहीत. पान सुस्त होते ते बहुधा कॅमेऱ्यातून थेट चढवलेल्या अवजड छायाचित्रांमुळे आणि गरजेपेक्षा जास्त प्लगिनमुळे. शिवाय लेख काढला तरी त्यातली छायाचित्रे मीडिया लायब्ररीत तशीच राहतात.

आता मूळ प्रश्न. ताई, तुमच्या सल्लागारांच्या यादीत मला दोन दोष दिसतात.

पहिला दोष कालावधीचा आहे. सध्या पावसाळा चालू आहे, म्हणजे तीन महिन्यांच्या यादीत बिबडे, कुरडया आणि उडदाच्या पापडांवरचे लेख शून्यावर येणारच, कारण ते लोक होळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत शोधतात. भरिताचा लेखही आज मेलेला दिसेल आणि थंडीत वांगी बाजारात आली की पुन्हा उठेल. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती देते, ती पूर्ण घ्या. मग प्रत्येक हंगाम निदान एकदा तरी हिशेबात येतो, आणि काही महिन्यांची तुलना मागच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशीही करता येते.

दुसरा दोष सहज नजरेतून निसटतो. जे पान शोधात एकदाही कुणाला दिसले नाही ते सर्च कन्सोलच्या Pages यादीत येतच नाही. म्हणजे ज्यांची सर्वांत आधी तपासणी व्हायला हवी तेच लेख यादीबाहेर राहतात. म्हणून यादी वर्डप्रेसमधून किंवा साइटमॅपमधून करावी आणि सर्च कन्सोलचे आकडे तिच्यासमोर मांडावेत. ज्या लेखासमोरचा रकाना रिकामा राहील, तो गूगलच्या यादीत तरी आहे का, हे URL Inspection मध्ये एकेक पत्ता घालून पाहावे. यादीतच नसलेला लेख आणि यादीत असून कुणी न शोधलेला लेख, यांची दुखणी वेगळी आहेत.

नानांनी सांगितलेला पुरावा खरा आहे, निष्कर्ष मात्र ताणलेला आहे. उपयोगाचा नसलेला मजकूर काढावा असे गूगल सांगते. लेख केवळ जुना आहे म्हणून काढावा असे ते सांगत नाही. २०२३ मध्ये सीनेट या अमेरिकी संकेतस्थळाने हजारो जुने लेख काढल्याची बातमी आली होती, तेव्हा केवळ जुनेपणामुळे मजकूर काढण्याचा फायदा होत नाही, असे गूगलच्या बाजूने जाहीरपणे सांगितले गेले होते. आणि ते दुहेरी कुलूप कृपा करून लावू नका. robots.txt मध्ये वाट बंद केली की गूगलचा बॉट पान उघडतच नाही, आणि पान उघडले नाही तर त्यातली noindex ही सूचना त्याला दिसणार कशी? तसे पान वर्णनाविना शोधात टिकून राहू शकते. noindex लावायचे असेल तर वाट उघडीच ठेवावी लागते.

नंदुरबारची_मिरची

माझे प्रकरण सांगते, कदाचित उपयोगी पडेल. आमचे मिरची पावडरचे दुकान आहे. एका एजन्सीने आमचे सगळे जुने लेख काढले आणि प्रत्येक पत्ता मुखपृष्ठाकडे वळवला. ग्राहक गूगलवरून "मिरची साठवताना कीड कशी टाळावी" यावर टिचकी मारायचा आणि पोहोचायचा मुखपृष्ठावर, जिथे त्या प्रश्नाचे उत्तरच नाही. काही आठवड्यांत ते पत्ते शोधातून गेले आणि सर्च कन्सोलमध्ये Soft 404 या नावाखाली जमा झाले. एजन्सीचे म्हणणे होते की पत्ते वळवले आहेत, तेव्हा काहीच वाया गेलेले नाही.

गिरणाकाठ

मिरचीताई, तसेच होते. वळवलेला पत्ता मूळ प्रश्नाचेच उत्तर देणाऱ्या पानावर उतरत नसेल, तर गूगल त्याला हरवलेले पानच धरते. जवळचे पान नसेल तर पान नसल्याचे ४०४ किंवा ४१० हे उत्तर सरळ येऊ द्यावे. या दोहोंतला फरक व्यवहारात फारच थोडा आहे, त्याची चिंता नको.

वाळवणताई, तुम्ही चार-पाच लेख आकड्यांसह इथे टाकाल का? त्यांवरच बोलू. हवेत बोलण्यात अर्थ नाही.

वाळवणताई

सोळा महिन्यांचे आकडे काढले. शेवभाजीवर आमचे तीन लेख निघाले, हे आम्हालाही नव्याने कळले. तक्त्यात त्यांचे पत्ते असे दिसतात की डोळे फिरतात, पहिल्या ओळीत नुसते `%e0%a4%b6%e0%a5%87%e0%a4%b5` अशा धाटणीचे लांबच लांब शेपूट आहे. ब्राउझरमध्ये उघडून मी ते ओळखले.

पहिला लेख २०१७ चा, पत्ता `/shev-bhaji-recipe/`, क्लिक १,१४०. दुसरा "खान्देशी शेवभाजी घरच्या घरी", पत्ता `/खान्देशी-शेवभाजी-घरच्या/`, क्लिक ४२०. तिसरा "खान्देशी शेवभाजी घरच्या मसाल्यात", पत्ता `/खान्देशी-शेवभाजी-घरच्या-2/`, क्लिक ३५. मजकूर मात्र तिसऱ्याचाच सर्वांत चांगला आहे. त्यात वाटणाचे प्रमाण आहे, कांदा-खोबरे कितपत भाजावे याची छायाचित्रे आहेत आणि शेव ताटात वाढताना घालावी हेही नीट सांगितले आहे.

याशिवाय "दिवाळी २०१९ सवलत", २०२० मधील "टाळेबंदीत घरपोच सेवा", "भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळण्याची शक्यता" हा २०१५ चा लेख, आणि "कळण्याची भाकरी खा, मधुमेह बरा करा" हा लेख. शेवटच्या लेखावर क्लिक भरपूर आहेत, म्हणून तो ठेवायचाच असे आमचे ठरले आहे.

पारोळेकर

मी खाद्यपदार्थांच्या परवान्यांची आणि लेबलांची कामे करतो, म्हणून फक्त शेवटच्या लेखाविषयी लिहितो. क्लिक कितीही असोत, तो लेख आहे त्या रूपात एक दिवसही ठेवू नये. जे पीठ तुम्ही विकता त्याच्याच दुकानात "मधुमेह बरा होतो" असे लिहिणे म्हणजे जाहिरातीतला दावाच झाला. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे जाहिराती व दाव्यांविषयीचे २०१८ चे नियम आजार बरा करण्याचे दावे चालू देत नाहीत, आणि १९५४ चा जादूटोणा व औषधी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा ज्या आजारांची नावे घेतो त्यांत मधुमेह आहे. शीर्षक, मजकूर, छायाचित्रावरील अक्षरे आणि गूगलसाठी लिहिलेले वर्णन, या चारही जागा तपासाव्यात, कारण लोक शीर्षक बदलतात आणि छायाचित्रावरचा दावा तसाच राहतो.

धुळ्याचा_नाना

मग तो लेख काढूनच टाकावा, असे नाही का होत?

पारोळेकर

माझ्या दृष्टीने काढला तरी चालेल. ज्वारी आणि उडदाच्या मिश्रणाची भाकरी कशी थापावी, पीठ किती दिवस टिकते, ते कशाबरोबर खातात, एवढेच लिहिले तर कायद्याची हरकत राहत नाही. ठेवण्यात दुकानाचा फायदा आहे की नाही ते गिरणाकाठ सरांनी सांगावे.

गिरणाकाठ

तो लेख ठेवावा आणि नव्याने लिहावा असे माझे मत आहे, पण एका अटीवर. त्याला येणारे शोधशब्द आधी पाहा. लोक "कळण्याची भाकरी" शोधून येत असतील, तर दावा काढल्यावरही ते येतच राहतील. ते "मधुमेह घरगुती उपाय" शोधून येत असतील, तर ती वर्दळ तुमच्या कामाची नाही, ती गेलेलीच बरी. एक लक्षात असू द्या, फार थोड्या लोकांनी वापरलेले शोधशब्द गूगल गोपनीयतेसाठी दाखवत नाही, त्यामुळे शोधशब्दांची बेरीज पानाच्या एकूण क्लिकपेक्षा बरीच कमी भरते. तेवढ्यावरून आकडे चुकले आहेत असे समजू नका.

आता शेवभाजी. दुसऱ्या आणि तिसऱ्या लेखांची शीर्षके वेगळी असताना पत्ते जवळजवळ एक का, हे आधी सांगतो, कारण तुमच्याकडे असे आणखी जोड असणार. वर्डप्रेस पत्त्यासाठी २०० वर्णांची मर्यादा धरते, आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी तक्त्यात दिसलेल्या त्या `%` च्या रूपात वेगवेगळे नऊ-नऊ वर्ण खाते. म्हणजे साधारण बावीस चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. तुमच्या दोन्ही शीर्षकांत "घरच्या"पर्यंतचा भाग समान आहे आणि कात्री नेमकी तिथेच लागली, म्हणून दुसऱ्याला `-2` हे शेपूट जोडावे लागले. ज्या पत्त्यांच्या शेवटी `-2` किंवा `-3` आहे ते सगळे शोधून काढा. त्यांतले बरेचसे एकाच विषयावर पुन्हा लिहिलेले लेख निघतील.

सर्च कन्सोलमध्ये Queries मधून "शेवभाजी" हा शब्द निवडा आणि मग Pages पाहा. तिन्ही पाने एकाच शब्दाला आलटून पालटून दिसत असतील, तर ती एकमेकांची वाट अडवत आहेत असे समजावे. वेगवेगळ्या शब्दांना दिसत असतील, म्हणजे एक "शेवभाजी रेसिपी"ला आणि दुसरे "शेवभाजी मसाला"ला, तर घाईने जोडू नये. त्या परिस्थितीत दोन पाने दोन प्रकारच्या लोकांचे काम करत असतात, आणि दुसऱ्या प्रकारचा माणूस तर तुमचा गिऱ्हाईकच आहे.

वाळवणताई

पाहिले. तिन्ही पाने "शेवभाजी" आणि "खान्देशी शेवभाजी" या शब्दांनाच दिसतात. "शेवभाजी मसाला" या शब्दाला २०१७ चा पाककृतीचा लेख दिसतो, आमच्या काळ्या मसाल्याचे विक्रीचे पान मात्र त्या शब्दाला दिसतच नाही. आणि त्या लेखाच्या तळाशी "मसाला इथे मागवा" अशी जी जोडणी आहे, ती उघडत नाही. पूर्वी आमचे २०० ग्रॅमचे पाकीट होते, ते बंद करून २५० ग्रॅमचे काढले आणि जुने पान काढले होते.

गिरणाकाठ

मग या सगळ्या तपासणीत पैशाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट हीच आहे. तुमच्या सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या लेखांपैकी एकातून विक्रीच्या पानाकडे जाणारे दारच बंद आहे. लेख काढण्याचे काम बाजूला ठेवा. आज आधी २०० ग्रॅमच्या पाकिटाचा जुना पत्ता २५० ग्रॅमच्या पानाकडे वळवा आणि लेखातली जोडणी थेट नव्या पानाची करा. शिवाय पाककृतीत जिथे मसाला पातेल्यात पडतो त्या ओळीतच ती जोडणी द्या, कारण तळाशी पोहोचेपर्यंत बरेच वाचक निघून गेलेले असतात. मग क्लिक मिळणारे बाकीचे लेखही याच नजरेने उघडा आणि कोणती जोडणी मेलेल्या मालाकडे जाते ते पाहा.

त्यानंतर तिन्ही लेखांचा एक लेख करण्याचे काम. पत्ता पहिल्या लेखाचा ठेवा, कारण लोक आणि गूगल दोघेही त्याला ओळखतात. मजकूर तिसऱ्याचा घ्या आणि तो पहिल्याच्या पत्त्यावर नेऊन ठेवा. पहिल्यातले जे तिसऱ्यात नाही, उदाहरणार्थ वाचकांनी खाली विचारलेल्या शंका, ते त्यात मिसळा. मग दुसरा आणि तिसरा लेख Draft मध्ये टाका आणि दोन्ही पत्ते कायमचे, म्हणजे ३०१ ने, पहिल्याकडे वळवा. Redirection नावाचे प्लगिन या कामाला पुरते. कचरापेटीत टाकू नका. वर्डप्रेस तिथल्या लेखाचा पत्ता बदलून त्याला `__trashed` जोडते आणि मुळातली रचना बदललेली नसेल तर तीस दिवसांनी लेख कायमचा पुसते. Draft मधला लेख ग्राहकाला दिसत नाही, पण हवा तेव्हा परत आणता येतो.

वळण नीट बसले की नाही ते ब्राउझरमध्ये पाहून कळत नाही, कारण ब्राउझर जुनी वाट लक्षात ठेवतो. त्याऐवजी हे चालवा, पत्ता तुमचा घाला:

```
curl -I https://example.com/diwali-2019/
```

पहिल्या ओळीत 301 आणि खाली `location:` समोर अंतिम पत्ता हवा. तिथे आणखी एखादा मधला पत्ता दिसला, तर वळणावर वळण झाले आहे, ते सरळ करा. ही वळणे निदान वर्षभर तरी हलवू नयेत.

दिवाळी २०१९ चा लेख वळवावा की काढावा, हे तुमच्याकडे दिवाळी फराळाचे कायमचे पान आहे की नाही यावर ठरते. असेल तर त्याकडे वळवा. नसेल तर यंदा सालाचा आकडा नसलेला एकच पत्ता करा आणि दरवर्षी त्याच पानावर नवी सवलत लिहा. टाळेबंदीचा लेख काढा, त्याला जवळचे पान नाही. मानांकनाचा लेख दुरुस्त करा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मानांकन मिळालेले आहे, आणि तुमचे पान अजून "शक्यता आहे" असे सांगते. नुसती तारीख बदलून लेख नवा दाखवण्याचा मोह टाळा, वाक्ये बदलली तरच तारीख बदला.

नंदुरबारची_मिरची

सर, ज्या लेखांवर गूगलवरून कुणी येतच नाही, पण जे आम्ही स्वतः ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, त्यांचे काय करावे? "मिरची पावडरचा रंग महिन्याने का उतरतो" हा आमचा लेख तसा आहे. शोधातून शून्य, पण तक्रारीचा फोन आला की तोच उपयोगी पडतो.

गिरणाकाठ

तो ठेवावा, आणि ठेवण्याचे कारणही तक्त्यात लिहावे. म्हणूनच आकड्यांच्या रकान्यांशेजारी मी एक रकाना हाताने भरायला सांगतो, त्यात लिहायचे एवढेच की हा लेख दुकानात कोण आणि कशासाठी वापरते. तो रकाना फोन घेणाऱ्या व्यक्तीनेच भरावा, संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने नव्हे.

धुळ्याचा_नाना

ठीक आहे, सगळेच उडवा हे मी मागे घेतो. तरीही एक शंका उरते. पत्ते देवनागरीत ठेवावेत की इंग्रजी अक्षरांत? आमच्या दुकानात देवनागरी पत्त्यांचे लेख चांगले चालतात, आणि ते बदलावेत असे मला मुळीच वाटत नाही.

गिरणाकाठ

चालत असलेला पत्ता बदलू नये, यावर आपले एकमत आहे. नव्या लेखांसाठी मी आखूड इंग्रजी अक्षरे वापरतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवल्यावर तो पत्ता वाचता येतो आणि कात्री लागत नाही. देवनागरी पत्त्यामुळे क्रमवारीत नुकसान होते असे मात्र मी म्हणणार नाही, गूगल तो नीट वाचते.

चोपडेकर

नाना म्हणतात तसे आमचेही देवनागरीच आहेत, आणि ग्राहकांना ते आवडतात. आखूड केले की झाले.

वाळवणताई

मसाल्याची जोडणी काल दुरुस्त केली. `-2` चे आणखी जोड शोधले, त्यात बिबड्यांचे दोन लेख सापडले आणि ते दोन्ही एकाच शब्दाला दिसतात. त्यांना आता हात लावावा की पुढच्या हंगामापर्यंत थांबावे?

गिरणाकाठ

आताच जोडा. हंगाम तोंडावर असताना पत्ते वळवले, तर गूगलने नवे पान समजून घेण्याच्या मधल्या आठवड्यांत नेमकी विक्री बुडते. तक्त्यात आजची तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या मार्च-एप्रिलची तुलना या वर्षाच्या मार्च-एप्रिलशी करा. दरम्यान बाकीचे लेख दहा-पंधराच्या टप्प्यांनी घ्या, म्हणजे काही बिघडले तर कोणत्या टप्प्यात बिघडले ते कळेल. ऑर्डर किती वाढतील याचा अंदाज मी देणार नाही. पाककृती वाचायला येणारा प्रत्येक जण मसाला विकत घेणारा नसतो, आणि तुमची मागणी कमी होण्यात भाव, कुरिअरचा खर्च किंवा नवे स्पर्धक यांचा वाटा किती आहे, हे या तक्त्यातून दिसत नाही.

वाळवणताई

कुरिअरचा खर्च खरोखर वाढला आहे. त्यावर वेगळा धागा काढते.